खरेदीवर

माझ्या सासऱ्यांचा जगातल्या एकाच आकड्यावर पूर्ण विश्वास होता, तो म्हणजे खरेदीचा. सिंदीला त्यांचं कापडाचं दुकान होतं. लग्नानंतर बारा वर्षं मीही त्या काउंटरमागे उभी राहून ब्लाउजपीस फाडले आणि गिऱ्हाइकाला हसून सांगितलं, "ताई, खरेदीत देऊन राह्यलो, घरचे समजून." ते अर्थातच खोटं असायचं. खरेदीत कोणी देत नाही. पण खरेदीच्या खालीही आमच्याकडे कधी काही गेलं नाही, लग्नसराई उलटल्यावर पडून राहिलेले शालूसुद्धा नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ते शालू पाच-पाच वर्षं कपाटात ठेवायचे, दर दिवाळीला ऊन द्यायचे आणि परत ठेवायचे.

मग दुकान विकलं आणि आम्ही वर्ध्याला पिपरी मेघेत राहायला आलो. नवरा हिंगणघाटला नोकरीला. सकाळी आठला जातो, संध्याकाळी साडेसातला येतो. घरात दिवसभर मी आणि मामाजी. मी बी.कॉम., हिशेबाची डोक्याला सवय. शेअरचं सगळं आधी मोबाइलवर शिकले, मग वर्षभर कागदावर खोटे सौदे लिहून पाहिले. मामाजी ते सगळं दिवाणावरून बघत होते. एके दिवशी त्यांनी दुकानाच्या पैशातले चार लाख माझ्या खात्यात टाकले. मी मागितले नव्हते.

"कर," म्हणाले. "पण एक गोष्ट ध्यानात ठेवजो. मुद्दल तुटली का त्या दिवशी बंद. एक रुपया तुटला तरी बंद."

मी हो म्हटलं. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं. समोरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल टाकलं, त्यावर लॅपटॉप. सव्वानऊ ते साडेतीन ती खुर्ची माझी. भाजी फोडणीला टाकून मध्येच उठायला लागायचं, दारावर कोणी आलं तर उठायला लागायचं, पण खुर्ची माझी. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा बसायला जागा मिळाली होती, आणि ती सोडायची माझी अजिबात तयारी नव्हती. आणि माझ्या पाठीमागे तीन हातांवर, दिवाणावर, मामाजी. तेही सव्वानऊ ते साडेतीन.

माझी पद्धत साधी होती. एखादा शेअर बरेच दिवस एकाच भावाखाली अडून बसलेला असतो. तो त्या भावावर निघाला की घ्यायचा, काही दिवस किंवा आठवडे ठेवायचा. घेतानाच ठरवायचं की कुठे उतरला तर माझा अंदाज चुकला. तिथे विक्रीची ऑर्डर लावून ठेवायची, म्हणजे भाव तिथे आला की आपोआप विकला जातो, मी पोळ्या लाटत असले तरी. यालाच स्टॉप म्हणतात. एका सौद्यात सहा हजारांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, एवढ्या बेतानं शेअर किती घ्यायचे ते ठरायचं.

पहिल्याच वर्षी एका सिमेंट कंपनीनं आमच्या घरात धर्म स्थापन केला. अडीचशेला घेतला होता, स्टॉप दोनशे अडतीस. भाव दोनशे शहात्तरपर्यंत गेला, म्हणजे मी जेवढं पणाला लावलं होतं त्याच्या दुप्पट वर. मग दोनशे सत्तावन्नपर्यंत खाली आला, तिथे दोन दिवस टिकला आणि परत चढायला लागला. मी विचार केला, आता दोनशे सत्तावन्नला घेणारे उभे आहेत हे दिसलं. ते असताना भाव अडीचशेपर्यंत उतरला तर काहीतरी बिघडलंच असं समजायचं. म्हणून स्टॉप उचलून खरेदीच्या एक रुपया वर ठेवला. आठवड्याभरात भर दुपारी कंपनीचे वाईट आकडे जाहीर झाले. भाव घसरत आला, माझे शेअर दोनशे एक्कावन्नला विकले गेले आणि तो पुढे दोनशे दहाच्याही खाली गेला. रात्रीतून आकडे आले असते आणि सकाळी बाजार खालीच उघडला असता तर तो स्टॉपही वाचवू शकला नसता. पण तसं झालं नाही.

मामाजींनी हे पाहिलं. दुपटीनं चढल्याचं, सत्तावन्नला टिकल्याचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात एवढंच राहिलं की खरेदीवर आणलं आणि वाचलं. संध्याकाळी हनुमानाच्या मंदिरात त्यांनी चार जणांना सांगितलं, "आमची सून हुशार आहे. माल खरेदीवर आणते, मंग काही बी होवो."

त्या दिवसापासून सौदा घेतला, चार रुपये वर गेला, की मागून आवाज. "बाई, खरेदीवर आणजो."

पंप बनवणारी एक कंपनी होती. कित्येक महिने चारशे दहावर जात नव्हती. एकदाची निघाली, मी चारशे बाराला अडीचशे शेअर घेतले, स्टॉप तीनशे अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी भाव चारशे अठ्ठावीस.

"आता आण," मामाजी म्हणाले.

"मामाजी, अजून काहीच झालं नाही. सोळा रुपये तर चढला."

"सोळा रुपये कमी आहे काय? आता आणशीन तर सौदा फुकटचा झाला. गेला तरी आपलं काय जाते?"

आपलं काय जातं, हा प्रश्न इतका गोड आहे की मी आणला. चारशे बारावर. त्यानंतरच्या दिवशी भाव चारशे सातपर्यंत खाली आला, माझे शेअर विकून गेला आणि वळला. महिनाभरात पाचशे. तीनशे अठ्ठ्याऐंशी त्यानं पाहिलासुद्धा नाही.

तो खाली येणारच होता. इतके दिवस जे छत होतं त्यावर पाय ठेवून बघायला भाव परत येतो, हे मला पुस्तकी नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून माहीत होतं. तीनशे अठ्ठ्याऐंशीला अर्थ होता. त्याच्याखाली गेला असता तर चढ खोटा ठरला असता. चारशे बाराला काय अर्थ होता? तिथे पिपरी मेघेतल्या एका बाईनं अडीचशे शेअर घेतले होते, एवढाच. बाजारात कोणाला माझी खरेदी माहीत असणार? दुकानात गिऱ्हाइकाला तरी सांगता यायचं.

हे सगळं कळत होतं. तरी पुढच्या वेळी मी परत आणला. त्याच्या पुढच्या वेळीही. एका वर्षात नऊ वेळा खरेदीवर सुटले, आणि त्यातले सहा शेअर मागाहून मी म्हटलं होतं तिथेच गेले. मधल्या काळात जे सौदे मुळातच चुकलेले होते ते चार रुपयेही वर न जाता सरळ मूळ स्टॉपवर पडायचे. त्यांना खरेदीवर आणायला संधीच मिळायची नाही. म्हणजे पडणारे पूर्ण पडायचे आणि चढणारे सुरुवातीलाच माझ्या हातून सुटायचे. पहिल्या वर्षी कमावलेले बावीस हजार असे हळूहळू जवळजवळ सगळे गेले. एक सौदा चांगला लागला असता तर भरून निघाले असते, पण एकालाही मी लागू दिलं नाही.

मार्च उजाडला तेव्हा खात्यात चार लाख एक हजार सातशे होते. आता नेहमीसारखे सहा हजार पणाला लावून एक स्टॉप लागला असता तर मामाजींची चार लाखांची रेघ ओलांडली गेली असती. खरेदीवर आणावं तर चढणारा सौदा हातात राहत नाही, न आणावं तर खुर्ची जाते. मी टेबलाशी बसायची आणि पाठीमागून त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू यायचा. कूलर चालू असला तरी यायचा. ते काही बोलले नाहीत तरी मान आखडायची. एकदा तर चहा देताना कप असा आपटला की बशीत सांडला. ते म्हणाले, "काऊन व, बाजार पडला काय?" मी म्हटलं, "नाही, मीच पडले." ते हसले. मला खरंच रडू येत होतं.

मग एक साधी गोष्ट सुचली. ती आधी का सुचली नाही म्हणून मी स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. जास्त गमवायची ऐपत नसेल तर स्टॉप ओढत बसायचं नाही, शेअर कमी घ्यायचे. भीती कमी करायची ती घेण्याआधी. नंतर कमी करायला गेलं की सौदाच मरतो.

केबल बनवणारी एक कंपनी निवडली. भाव सहाशे चाळीस, अंदाज चुकला हे कळण्याची जागा सहाशे आठ. बत्तीस रुपयांचं अंतर. फक्त पन्नास शेअर घेतले. स्टॉप लागलाच तर सोळाशे जातील, रेघ शाबूत राहील. आणि स्वतःला बजावलं, चढून, परत खाली येऊन, खरेदीच्या वर कुठेतरी टिकल्याशिवाय हा स्टॉप हलवायचा नाही.

तीन दिवसांत सहाशे अठ्ठावन्न.

"आण खरेदीवर."

"नाही आणणार मामाजी."

ते दिवाणावर उठून बसले. मी मागे वळले नाही, पण दिवाणाची करकर ऐकली.

"काऊन नाई आणत?"

"कारण हा परत सहाशे तीसपर्यंत येऊ शकते. आला तर काही बिघडत नाही. आठच्या खाली गेला तर बिघडलं."

"अन् गेला तर?"

"तर सोळाशे जातील."

"हाती आलेले सोडून सोळाशे घालवशीन?" त्यांचा आवाज चढला. "अक्कल गहाण ठेवली काय व?"

"ठेवली असेल," मी म्हटलं. "पण ऑर्डर नाही हलवणार."

सासऱ्यांना असं उलटून मी त्याआधी कधी बोलले नव्हते. नवऱ्याला संध्याकाळी कळलं तर तो नेहमीचं वाक्य बोलला, "तुमचं तुम्ही पाहा," आणि हात धुवायला गेला.

भाव खाली आला. सहाशे तीस, सहाशे वीस, एक दिवस सहाशे अकरा. त्या दिवशी मी खुर्ची सोडून गॅलरीत कपडे वाळत घातले, आधीच वाळलेले काढून परत भिजवून, पिळून घातले. आत आले तर सहाशे पंचवीस. मामाजी पडद्याकडे बघत होते. पुढच्या चार दिवसांत भाव सहाशे चोपन्न. वाटलं, निघाले बाई मी यातून. मग बाजारच नरमला, सगळंच उतरायला लागलं, आणि त्यात माझी केबलही. एका मंगळवारी साडेअकराला स्टॉप लागला. सहाशे आठला मागितलेले, सहाशे सातला विकले गेले.

वाईट वाटलं, पण चुकल्यासारखं वाटलं नाही. अंदाज चुकला, ठरलेले पैसे गेले, संपलं. मी बाकी बघायला खातं उघडलं.

तीन लाख नव्याण्णव हजार नऊशे साठ.

दोनदा बघितलं. सोळाशे गेले हे धरलं होतं. घसरून विकले गेले त्याचे पन्नास धरले नव्हते, आणि सरकारचा कर, दलाली, बाकीचे खर्च मिळून नव्वद. ते मी नेहमी धरायची, याच वेळी राहिले. चाळीस रुपये कमी.

माझ्या पर्समध्ये चाळीस रुपये होते. मोबाइलवरून टाकले असते तर मिनिटाभरात चार लाख पूर्ण झाले असते आणि कोणाला कळलं नसतं. मी अंगठा ठेवून बसले होते. मग मागे वळून सांगितलं, "मामाजी, मुद्दल तुटली. चाळीस रुपयांनी."

ते उठून टेबलापाशी आले. "खरेदीवर आणली असती तर?"

"तर वाचले असते," मी म्हटलं. खरं होतं ते. या एका सौद्यात त्यांचं ऐकलं असतं तर नव्वद रुपये जाऊन खुर्ची राहिली असती.

"म्हणलं होतं मी."

तिथे माझा तोल गेला. मी वही काढली आणि नऊच्या नऊ सौदे त्यांच्यासमोर ठेवले. खरेदीवर सुटलेले, फुकटचे. प्रत्येकापुढे खर्च लिहिलेला होता, कुठे दोनशे चाळीस, कुठे दोनशे साठ. बेरीज बावीसशे. "हे बघा फुकटचे सौदे. या बावीसशेतले चाळीस वाचले असते तरी आज मुद्दल शाबूत होती."

त्यांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवत खालपर्यंत गेले, मग परत वर. मग अगदी हळू म्हणाले, "भाडं-हमाली धरली नाई आपण."

मला आधी कळलं नाही.

"बाई, सुरतेहून गठ्ठा यायचा तर मी बिलाचा भाव कधी खरेदी म्हणला काय? गाडीभाडं धर, हमाली धर, वाटेत भिजला तो तुकडा धर, मंग पडतळ निघते. पडतळ म्हणजे खरी खरेदी. चाळीस वर्षं पडतळ काढल्याबिगर भाव सांगतला नाई." त्यांचं बोट अजून वहीवरच होतं. "अन् इथं पडद्यावर आकडा दिसला, त्यालेच खरेदी म्हणत बसलो. पोरासोरासारखा."

त्यांचा चेहरा बघून माझा राग उतरला. चुकलेला व्यापारी आणि चुकलेला सासरा यांतला व्यापारी त्यांना जास्त लागला होता. ते आत गेले आणि बावीसशे रुपये घेऊन आले, मोजलेले. "हे मायी चूक आहे. टाकजो खात्यात."

खुर्ची परत मिळत होती. हात पुढे करायचा तेवढा राहिला होता. पण बावीसशे म्हणजे आणखी एक सौदा. एक स्टॉप, आणि परत हेच. रेघ तिथेच, मी तिथेच, पाठीमागे श्वास.

"पैसे नको मामाजी," मी म्हटलं. "रेघ खाली घ्या."

"म्हणजे?"

"तुम्ही माझ्यावरच स्टॉप लावला आहे. पहिल्या दिवसापासून, बरोबर खरेदीवर. मला जरा खालीवर व्हायला जागाच नाही. पंचवीस हजार खाली घ्या. तीन पंचाहत्तरच्या खाली गेलं तर मीच बंद करीन, तुम्हाला सांगावं लागणार नाही."

"म्हणजे पंचवीस हजार गेले असं आजच धरू?"

"धरा."

ते खुर्चीवर बसले, माझ्या खुर्चीवर, आणि मी उभी राहिले. पडद्यावर भाव लुकलुकत होते. त्यांनी खरंच विचार केला, हे मी त्यांच्यासाठी कायम सांगीन. ओठ हलत होते, पंचवीस हजार मनात ठेवून बघत असावेत. मग मान हलवली.

"मले नाई जमत बाई. मले भेव लागते."

सिंदीच्या बाजारात चाळीस वर्षं ज्यांच्याशी कोणी घासाघीस करू शकलं नाही, त्या माणसानं एवढ्या साध्या शब्दांत सांगितलं की पुढे भांडायला काही उरलंच नाही. मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात पैसे बँकेत परत गेले आणि तिथून ठेवीत. चाळीस रुपये त्यांनी स्वतः घातले. टेबल उचलून शिवणाच्या मशीनखाली ठेवलं.

काही दिवस मी त्यांच्यावर मनातल्या मनात खूप चिडले. त्यांच्यामुळे गेलं, त्यांनी मागून ढोसलं, नाहीतर मी करून दाखवलं असतं. मग एका दुपारी ती वही परत काढली. त्या नऊ सौद्यांच्या तारखा बघितल्या आणि तशीच बसून राहिले. मधला एक सबंध महिना मामाजी समुद्रपूरला त्यांच्या बहिणीकडे होते. त्या महिन्यात मी तीन वेळा स्टॉप खरेदीवर आणला होता. दिवाण रिकामा होता, मागून कोणी बोललं नव्हतं, आणि माझ्या अक्षरात तीनदा लिहिलेलं होतं, खरेदीवर सुटला.

पंचवीस हजार गेले असं धर, असं मला त्या दिवशी कोणी म्हटलं असतं, तर मलाही जमलं नसतं.